दहावीच्या निरोप समारंभात कॅप्टनचं भाषण: मराठीच्या तासावर पाच मिनिटं कशी बोलावीत

जानेवारीत पूर्वपरीक्षा संपली की कोकणातल्या शाळांमध्ये निरोप समारंभाची तारीख ठरते, आणि शाळेच्या कॅप्टनला (काही शाळांत त्याला किंवा तिला मुख्यमंत्री म्हणतात) सांगितलं जातं, ‘मराठीच्या तासांनी वर्गाला काय दिलं, त्यावर बोल.’ विषय ऐकायला सोपा वाटतो आणि तिथेच फसगत होते. ‘साहित्याने आम्हाला घडवलं, संस्कार दिले, जगण्याची दृष्टी दिली’ ही वाक्यं खोटी नसतात, पण ती वेंगुर्ल्याच्या शाळेत चालतात तशीच नागपूरच्याही शाळेत चालतात. समोर बसलेल्या आठवी-नववीच्या मुलांना त्यातून काहीच दिसत नाही. तिसऱ्या वाक्याला मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते.

यावर उपाय म्हणजे सगळं साहित्य बाजूला ठेवायचं आणि एकच ओळ घ्यायची: वर्गात शिकवलेली आणि नंतर तासाबाहेर मुलांच्या तोंडी बसलेली. ती ओळ कशी शोधायची, कशी तपासायची आणि तिच्याभोवती भाषण कसं उभं करायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. नमुना म्हणून देवगडच्या बाजूची, खाडीकाठची एक शाळा धरली आहे. शाळा आणि तिथली मुलं कल्पित आहेत, ओवी मात्र खरी आहे.

हाताशी काय हवं

आठवी ते दहावीची मराठीची पुस्तकं, मित्रमैत्रिणींच्या दोन-तीन जुन्या वह्या (समासात लिहिलेल्या गमतींसकट), कार्यक्रमपत्रिका, मोबाइलमधलं घड्याळ आणि परीक्षेला नेतो ते क्लिपचं पॅड. पॅडचं काम शेवटी येईल.

1. आधी वेळ आणि जागा विचारून घ्या

लिहायला बसण्याआधी वर्गशिक्षकांना तीन गोष्टी विचारा. किती मिनिटं मिळणार? माझ्या आधी आणि नंतर कोण बोलणार? कार्यक्रम सभागृहात आहे की मैदानावर मांडवात?

पाच मिनिटं मिळाली तर साधारण पाचशे शब्द लिहायचे. मराठीत, माइकवर, समजेल असं बोलताना मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. घरी वाचताना सहाशेही बसतील, पण घरी कोणी हसत नाही आणि टाळ्या वाजवत नाही. आधीच्या वक्त्याने आभार मानून झाले असतील तर तुमचे आभार दोन वाक्यांत उरकता येतात, म्हणून क्रम विचारायचा. जागेचा प्रश्न वाऱ्यासाठी आहे, त्याकडे सातव्या पायरीत येऊ.

2. वर्गाला योग्य प्रश्न विचारा

‘तुला कुठला धडा आवडला?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला सगळे एकच ठरावीक उत्तर देतात, बहुतेक वेळा परीक्षेला आलेल्या धड्याचं. विचारा असं: ‘पुस्तकातली कुठली ओळ किंवा शब्द आपण तासाबाहेर वापरतो?’ मैदानावर, एसटीत, डबा खाताना, कोणाला चिडवताना.

सहा-सात जणांना विचारणं पुरे, पण ते सगळे पहिल्या बाकावरचे नसावेत. कवितेची ओळ चिडवण्यासाठी वापरणारा मुलगा बहुधा शेवटच्या बाकावर असतो आणि तुमच्या भाषणाला तोच लागतो. जे ऐकाल ते जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत लिहून ठेवा. घरी जाऊन आठवून लिहिलं की ते आपोआप पुस्तकी होतं आणि जीव जातो.

आपल्या नमुन्यातल्या वर्गात उत्तर मिळालं ते एका शब्दाचं. कोणी घाईत काही करायला निघालं की वर्गातलं कोणीतरी विचारतं, ‘येकायेकीं?’ विटी-दांडूत घाईने फटका मारणाऱ्याला, उत्तरपत्रिका न वाचता देणाऱ्याला, बस थांबायच्या आत उडी मारणाऱ्याला, सगळ्यांना तोच एक शब्द. तो आला दहावीच्या कुमारभारतीतल्या ‘उत्तमलक्षण’ या पाठातून, म्हणजे समर्थ रामदासांच्या दासबोधातल्या दुसऱ्या दशकाच्या दुसऱ्या समासातून.

3. ओळ पुस्तक उघडून तपासा

हे करायचा कंटाळा येतो, कारण ओळ पाठ असते. पण पाठ असलेलीच ओळ चुकते. दासबोधातली ओवी अशी आहे:

वाट पुसल्याविण जाऊं नये ।
फळ वोळखिल्याविण खाऊं नये ।
पडिली वस्तु घेऊं नये ।
येकायेकीं ॥

पाठ्यपुस्तकात आणि ग्रंथाच्या वेगवेगळ्या छापील प्रतींत शुद्धलेखनाचा थोडा फरक दिसू शकतो. तुमच्या वर्गाने ज्या पुस्तकातून वाचली, तेच रूप घ्या.

आता ओवीची घडण पाहा, कारण भाषणाचा गाभा तिच्यातच आहे. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळतं: जाऊं नये, खाऊं नये, घेऊं नये. चौथा चरण तोकडा असतो आणि यमकात बसत नाही. तोकडा असल्यामुळे म्हणताना तो गळतो, आणि बहुतेक मुलं तीन चरण म्हणून थांबतात. तसं केलं की ओवी नुसती बंदी घालणारी यादी होते: हे करू नको, ते खाऊ नको, ते घेऊ नको. चौथा चरण जोडला की अर्थ फिरतो. येकायेकीं म्हणजे एकाएकी, विचार न करता, एकदम. पडलेली वस्तू कधीच उचलू नये असं समर्थ इथे म्हणत नाहीत. एकदम उचलू नये, आधी विचार करावा, असं म्हणतात. एवढा फरक तुमच्या भाषणात नीट उलगडला तर मराठीच्या तासाने काय शिकवलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक खबरदारी: भाषणासाठी इंटरनेटवरून कवितेच्या ओळी घेऊ नका. मोठ्या कवींच्या नावावर भलत्याच कोणाच्या ओळी सर्रास फिरतात आणि समोर तुमचे मराठीचे सर बसलेले असतात.

4. ओळीला तुमच्या गावात उतरवा

ओळ मिळाली म्हणजे भाषण मिळालं असं नाही. ओळ वर्गात पोचली तेव्हा नक्की काय घडलं, तो एक प्रसंग हवा. तो शोधताना जुन्या वह्या कामाला येतात.

या ओवीचे तिन्ही चरण कोकणात लगेच रुजतात. फळ ओळखल्याशिवाय खाऊ नये हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही: ओल्या काजूबीचा चीक ओठाला लागून सोलवटलेलं एक तरी मूल प्रत्येक वर्गात असतं. वाट विचारल्याशिवाय जाऊ नये, तर खाडी ओलांडायची वाट ओहोटीला एक असते आणि भरतीला दुसरी, आणि ती वेळ रोज पुढे सरकते. पण खरी गंमत तिसऱ्या चरणात आहे. पडिली वस्तु घेऊं नये. मग झाडाखाली पडलेल्या आंब्याचं काय?

शाळा जूनमध्ये सुरू होते तेव्हा आंब्याचा हंगाम नुकताच सरलेला असतो. मुलांनी अख्खा मे महिना पडलेले आंबे वेचून काढलेला असतो. अशा वर्गापुढे ही ओवी आली की वाद पेटणारच. तीनही चरणांवर बोलायचा मोह होईल, तो आवरा. काजू एका वाक्यात, खाडी पुढच्या भागासाठी राखून ठेवा, आणि आंब्यावर थांबा.

5. मसुदा: पाचशे शब्द कसे वाटायचे

सुरुवात साठ शब्दांची, वर्गातला प्रसंग एकशे ऐंशीचा, त्यानंतर वर्गात काय बदललं ते दीडशे शब्दांत, आभार सत्तर आणि शेवट चाळीस. प्रसंगाला सगळ्यात जास्त जागा द्या. मुलं उलटं करतात: अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग, यातच पहिलं मिनिट जातं. संबोधन एका वाक्यात आटोपा.

सुरुवात अशी चालेल:

‘आदरणीय मुख्याध्यापक, सर्व शिक्षक, पालक आणि मित्रमैत्रिणींनो. आमच्या वर्गात एक शब्द आहे. तो कोणी म्हटला की पळणारा थांबतो आणि बोलणारा गप्प होतो. तो शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे आणि तो आम्हाला मराठीच्या तासाला सापडला. कुठला शब्द, ते थोड्या वेळाने सांगतो.’

मुलगी कॅप्टन असेल तर ‘सांगते’, हे उघड आहे, पण तयार नमुना वाचताना ही चूक दरवर्षी कोणीतरी करतं.

मग प्रसंग:

‘जूनचा शेवटचा आठवडा. बाहेर पाऊस, आत समर्थांची ओवी. बाईंनी तिसरा चरण वाचला, पडिली वस्तु घेऊं नये, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, पडलेलो आंबो कोणाचो?” दुसऱ्याने लगेच निकाल दिला, “जेका गावलो तेचो!” अर्धा वर्ग त्याच्या बाजूने झाला. आंबा वाऱ्याने पाडला, माणसाने नाही, मग मालक कोण? एक जण म्हणाली, झाड ज्याचं त्याचा आंबा. तेवढ्यात तिच्या शेजारणीने विचारलं, झाड आमचंच आहे, पण बाग कराराने दिलीय. मग आमच्याच परड्यात पडलेला आंबा आमचा, की करारवाल्याचा? वर्ग गप्प झाला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही सगळे तीन चरणांवर भांडताय. चौथा कोणी वाचलाय का?’

हा नमुना कॉपी करण्यासाठी नाही, त्याची रचना बघण्यासाठी दिला आहे. यात मुलांची तीन वेगवेगळी मतं आहेत आणि प्रत्येक मत आधीच्यापेक्षा प्रश्न अवघड करतं. बाग कराराने दिल्याचा मुद्दा फक्त कोकणातल्याच मुलीला सुचेल, म्हणून तो ठेवायचाच. बाईंनी उत्तर दिलं नाही, पुढची ओळ वाचायला लावली, हेही महत्त्वाचं आहे: शिक्षकांची स्तुती न करता त्यांची शिकवण्याची रीत दिसते. ‘आमच्या बाई फार छान शिकवायच्या’ या वाक्यापेक्षा हे त्यांना जास्त आवडेल.

यानंतरचा भाग सगळ्यात अवघड असतो, कारण इथे ‘घडवलं’ हे सिद्ध करायचं असतं. नियम असा ठेवा की ज्याला तारीख, जागा किंवा साक्षीदार आहे तेच बदल सांगायचे. ‘आम्ही विचारी झालो’ याला साक्षीदार नाही. हे बघा:

‘त्या दिवसापासून येकायेकीं हा आमचा शब्द झाला. डिसेंबरात आम्ही खाडीपलीकडे क्षेत्रभेटीला गेलो. परतताना पाणी घोट्याएवढंच दिसत होतं, आणि दोघेतिघे चपला हातात घेऊन निघालेसुद्धा. कोणीतरी ओरडलं, “येकायेकीं?” आम्ही थांबलो आणि काठावर जाळं सोडवत बसलेल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, भरती लागली आहे, मधल्या पात्रात कमरेएवढं असेल, तरीने जा. आम्ही तरीने आलो. वाट पुसल्याविण जाऊं नये, हे आम्हाला तेव्हा पाठ होतंच. त्या दिवशी ते पायांना कळलं.’

असा एक बदल पुरतो. दुसरा हवाच असेल तर तो लहान आणि हलका असू दे, म्हणजे पूर्वपरीक्षेत प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहिणारा मित्र आणि त्याला मिळालेले गुण. मात्र ज्याच्यावर विनोद आहे त्याला आधी विचारा. निरोपाच्या दिवशी चारशे लोकांसमोर झालेली थट्टा तो वर्षानुवर्षं विसरत नाही.

प्रसंग रचून सांगायचा नाही, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं. समोर अख्खा वर्ग बसलेला असतो. न घडलेली क्षेत्रभेट सांगितलीत तर पहिल्या वाक्यालाच सगळे एकमेकांकडे बघतील. तुमच्या वर्गात खाडीचा प्रसंग घडला नसेल तर जो घडला तोच घ्या, मग तो कितीही किरकोळ असो.

6. बोली: किती आणि कोणाच्या तोंडी

भाषण प्रमाण मराठीत आणि मुलांची वाक्यं बोलीत, ही वाटणी ऐकायला सोपी जाते. दक्षिणेकडे मालवणी, रत्नागिरी-संगमेश्वरकडे संगमेश्वरी; तुमच्या वर्गात जी बोलली जाते तीच घ्या. तीन-चार वाक्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर एकपात्री प्रयोग होतो.

एक सापळा इथे हमखास असतो. बोलीतलं वाक्य म्हणताना आवाज बदलला, तोंड वेडंवाकडं केलं की ती नक्कल होते आणि मागे बसलेल्या पालकांना ती स्वतःची नक्कल वाटते. बोलीतलं वाक्य त्याच सरळ आवाजात म्हणा. आणि हुशार उत्तरं प्रमाण भाषेत, खुळी उत्तरं बोलीत, असं तर होत नाही ना, ते मसुद्यात एकदा तपासा. वरच्या नमुन्यात ‘पडलेलो आंबो कोणाचो?’ हा सगळ्यात चांगला प्रश्न बोलीतच आहे, तो मुद्दाम.

7. सराव, माइक आणि वारा

उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून तीनदा वाचा. पहिल्यांदा वेळ बघा. दुसऱ्यांदा जिथे जीभ अडखळते तिथलं वाक्य तोडा. तिसऱ्यांदा एखाद्या नववीतल्या मुलाला समोर बसवा आणि नंतर विचारा, ‘चौथा चरण का महत्त्वाचा?’ त्याला सांगता आलं नाही तर प्रसंगाचा शेवट पुन्हा लिहा.

ओवी म्हणताना तीन चरण एका लयीत म्हणा आणि चौथ्याआधी मनात एक-दोन मोजा. घाई केली तर येकायेकीं हा शब्द आधीच्या ‘नये’ला चिकटतो आणि कोणाला ऐकूच येत नाही.

माइकची एक अडचण या ओवीला खास लागू आहे. प, फ, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि माइकमधून ‘धप्प’ असा आवाज येतो. पुसल्याविण, फळ, पडिली: तिन्ही चरणांत तो धोका आहे. माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला, चार बोटं ते अर्धी वीत अंतरावर ठेवा आणि बोला समोर बघून. झोत माइकच्या शेजारून निघून जातो.

कार्यक्रम मैदानावर असेल तर फेब्रुवारीत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. माइकला स्पंजची टोपी नसेल तर स्वच्छ रुमालाची दुहेरी घडी करून रबर बँडने बांधा, फडफड बरीच कमी होते. कागद मात्र हातात राहत नाहीत, आणि यासाठीच परीक्षेचं पॅड. भाषण एकाच बाजूला, मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत जागा सोडून लिहा. पानं क्रमांक घालून क्लिपला लावा. पान उलटण्याची वेळ वाक्याच्या मध्ये येऊ देऊ नका: वाक्य संपतं तिथेच पान संपवा, खाली कोरी जागा राहिली तरी चालेल.

8. आभार

सत्तर शब्दांत मुख्याध्यापक, शिक्षक, शिपाईकाका, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आणि पालक मावतात, नावं घेतली नाहीत तर. नावं घ्यायला लागलात की एक सुटतं, आणि सुटलेलं नावच लक्षात राहतं. अपवाद मराठीच्या बाई किंवा सर. त्यांचं नाव घ्या आणि त्यांनी विचारलेला एक प्रश्न सांगा, तेवढेच आभार पुरे.

9. शेवट आणि दाटलेला गळा

शेवटी सल्ले नकोत. ‘धाकट्या मित्रांनो, खूप वाचा’ हे ऐकून कोणी वाचत नाही. सगळं भाषण ज्या शब्दाभोवती उभं राहिलं त्याच्यावरच संपवा आणि खाली उतरा:

‘आता परीक्षा होईल, निकाल लागेल, कोणी कणकवलीला जाईल, कोणी मुंबईला. जाण्याआधी एकदा ओवी म्हणतो. वाट पुसल्याविण जाऊं नये. फळ वोळखिल्याविण खाऊं नये. पडिली वस्तु घेऊं नये...’

आणि थांबा. चौथा चरण वर्गाने म्हणायचा, हे आदल्या दिवशी सगळ्यांशी ठरवून ठेवा. दोन-तीन खड्या आवाजाच्या मुलांना मुद्दाम पुढच्या रांगेत बसवा, म्हणजे बाकीचे मागोमाग म्हणतील. गळा दाटतो तो बहुधा इथेच, ‘कोणी मुंबईला’ या शब्दांपाशी. तसं झालं तर पाणी प्यायला वळू नका आणि माफी मागू नका. पॅडकडे बघून एक श्वास घ्या आणि ओवी सुरू करा. पहिला चरण निघाला की पुरे. तुमचा आवाज तिसऱ्यापर्यंत पोचला नाही तरी वर्गाला सगळी ओवी पाठ आहे.